उघडीप पडली की दिवस मोजायला घ्या

भांडुपला एका छोट्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये मी गेली अठरा वर्षं रक्त घेतोय. धो धो पाऊस पडत असतो, गाड्या बंद असतात, तेव्हा आमच्याकडे शुकशुकाट असतो. मग एक दिवस ढग सरकतात, चार-पाच दिवस कडक ऊन पडतं, लोक गच्चीवर गाद्या टाकतात आणि मी डेंग्यूची किट जास्तीची मागवून ठेवतो. गर्दी पावसात होत नाही, उघडिपीनंतर होते.

मुसळधार पावसात डासांच्या अळ्या भांड्याबाहेर वाहून जातात. पाऊस थांबला की कुंडीच्या बशीत, ताडपत्रीच्या घडीत, टायरमध्ये पाणी साचून राहतं आणि ऊन लागून कोमट होतं. डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाला हेच हवं असतं. मुंबईच्या उकाड्यात अंड्यापासून उडता डास व्हायला साधारण सात ते दहा दिवस लागतात. तो जन्मतःच आजार घेऊन येत नाही (क्वचित अपवाद सोडा). त्याच्या मादीने आधी तापातल्या कुणाला तरी चावायचं, मग विषाणू तिच्या पोटातून लाळेपर्यंत पोचायला आणखी आठ ते बारा दिवस, मग ती तुम्हाला चावणार, आणि त्यानंतर चार ते दहा दिवसांनी तुम्हाला ताप येणार. बेरीज केली तर एका उघडिपीतल्या पाण्याचा हिशेब साधारण तीन ते साडेचार आठवड्यांनी पुढे येतो. त्याआधीच्या डासांचे रुग्ण मधल्या काळात येतच असतात. जूनमध्ये पाऊस सुरू होतो, पण डेंग्यूची खरी गर्दी ऑगस्ट-सप्टेंबरात होते आणि दसऱ्यापर्यंत रेंगाळते, ती यामुळे.

म्हणून या लेखात मी एकच गोष्ट सांगणार आहे: दिवस कसे मोजायचे. आधी घरातल्या पाण्याचे आणि मग तापाचे.

पाण्याचे सात दिवस

अंड्याचा डास व्हायला सात दिवस लागत असतील, तर सात दिवसांच्या आत एकदा तरी सगळं पाणी मोडलं पाहिजे. आमच्याकडे रविवार ठरलेला आहे. पाणी नुसतं ओतून टाकणं मात्र पुरत नाही, आणि नव्वद टक्के घरांत इथेच चुकतं. एडिसची मादी पाण्यात नव्हे, पाण्याच्या जरा वर, भांड्याच्या ओल्या भिंतीला अंडी चिकटवते. काळे, तिळाहून कितीतरी बारीक ठिपके. पाणी ओतलं तरी ते तिथेच राहतात, वाळले तरी कित्येक महिने जिवंत असतात आणि पुन्हा पाणी चढलं की फुटतात. तेव्हा काथ्या किंवा नारळाची शेंडी घ्यायची, आतली भिंत खसखसून घासायची आणि मग उन्हात पालथं घालायचं.

मुंबईत पाणी ठरावीक वेळेला येतं, म्हणून प्रत्येक घरात पिंप असतं. चाळीत तर दारादारांत. रोज वरचं पाणी वापरतो, तळाचं तसंच राहतं, नव्या पाण्याची भर पडते. पिंप आठवड्यातून एकदा पूर्ण रिकामं व्हायला हवं, आणि झाकण नसेल तर घट्ट बांधलेलं सुती कापड चालतं. जाळीदार ओढणी नको, तिच्यातून मादी आत जाते. पिंपाखेरीज तुळशीच्या कुंडीखालची बशी, फ्रिजच्या मागचा ट्रे, एसीचं पाणी जमणारी बादली, ग्रिलमध्ये ठेवलेली रिकामी डबडी आणि मनी प्लँटची बाटली बघा. मनी प्लँटवाल्यांशी माझं दरवर्षी भांडण होतं. ‘ते स्वच्छ पाणी आहे हो,’ म्हणतात. तिला स्वच्छच हवंय.

पाण्यात काही वळवळताना दिसलं तर मोबाइलचा टॉर्च लावून बघा. एडिसची अळी डोकं खाली, शेपूट वर करून पाण्याला लटकल्यासारखी दिसते आणि उजेड पडला की वेटोळी घेत तळाला पळते. मलेरियाच्या ॲनॉफिलीसची अळी पृष्ठभागाला समांतर, आडवी पडलेली असते. ती सहसा गच्चीवरच्या टाकीत किंवा विहिरीत सापडते.

टाकीचा विषय मुंबईत फार जुना आहे. 1911 साली डॉ. बेंटली यांनी शहरातल्या मलेरियाचा अहवाल दिला, तेव्हा त्यांनी विहिरींत वाढणाऱ्या ॲनॉफिलीस स्टीफेन्सी डासाकडेच बोट दाखवलं होतं. विहिरी झाका, बुजवा असं सुरू झालं आणि त्यावरून बराच वादही झाला. विहिरी गेल्या, पण त्या डासाला आपण गच्चीवर टाक्या बांधून दिल्या. सोसायटीच्या टाकीचं झाकण घट्ट बसतं का, हवेच्या आणि ओव्हरफ्लोच्या पाइपाच्या तोंडाला बारीक जाळी आहे का, आणि वर चढायला शिडी धड आहे का, एवढ्या तीन गोष्टी सेक्रेटरींनी स्वतः वर जाऊन पाहायच्या. शिडी नसली की कुणी वर जात नाही, आणि कुणी वर गेलं नाही की झाकण उघडं पडलेलं कळत नाही. झाकण कसंही करून बसत नसेल तर महापालिकेच्या 1916 या क्रमांकावर तक्रार नोंदवा. कीटकनाशक विभागाचे लोक येऊन बघतात आणि गरज असेल तिथे औषध टाकतात.

धुरळणीबद्दल एकच वाक्य. ती त्या क्षणी उडत असलेले डास मारते, बशीतल्या अळीला तिचा पत्ताही लागत नाही.

तापाचा पहिला दिवस लिहून ठेवा

माणूस खुर्चीत बसतो, मी हाताला पट्टा बांधतो आणि विचारतो, ‘ताप कधीपासून?’ उत्तर येतं, ‘झाले असतील दोन-तीन दिवस.’ दोन की तीन, यावर रिपोर्टचा अर्थ बदलतो. घरात कुणाला ताप आला की पहिल्यांदा थर्मामीटर लावा आणि तारीख-वेळ कॅलेंडरवर लिहा. ‘मंगळवार, संध्याकाळी सात, 102.’ एवढं पुरे. हा पहिला दिवस.

डेंग्यूची एनएस1 ही चाचणी विषाणूचा एक तुकडा शोधते. तो रक्तात पहिल्या दिवसापासून साधारण पाचव्या दिवसापर्यंत असतो, नंतर कमी होत जातो. त्यानंतर शरीराने बनवलेली आयजीएम प्रतिद्रव्यं सापडायला लागतात. म्हणजे दुसऱ्या दिवशी आयजीएम केली तर ती निगेटिव्ह येणारच, आणि सातव्या दिवशी फक्त एनएस1 केली तर तीही फसवू शकते. दोन्ही रिपोर्ट खरे असतात, दिवस चुकलेला असतो. ज्यांना पूर्वी डेंग्यू होऊन गेलाय त्यांच्यात एनएस1 लवकर मावळू शकतो, म्हणून आधी झाला होता का, हे डॉक्टरांना आठवणीने सांगा.

मलेरियाचं गणित वेगळं. तिथे बोटातून किंवा शिरेतून घेतलेल्या रक्ताची काचेवर स्लाइड करतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली परजीवी शोधतात. थंडी वाजून ताप चढत असताना घेतलेलं रक्त उत्तम. पहिली स्लाइड निगेटिव्ह आली म्हणून मलेरिया नाही, असं धरू नका. ताप चालूच असेल तर बारा ते चोवीस तासांनी पुन्हा करायची. आणि औषध सुरू करण्याआधी करायची. घरात उरलेल्या दोन गोळ्या कुणी घेऊन आला की आमच्या स्लाइडवर काही दिसत नाही आणि ताप मात्र दिसत राहतो.

साचलेल्या पाण्यातून चालला असाल, तर ते तिसरं. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस झाला आणि पुढच्या आठवड्यांत लेप्टोची साथ आली. हे डासाचं काम नाही, उंदरांच्या मुतातले जंतू पाण्यातून पायाच्या जखमेत शिरतात. पायाला कापलंय, भेगा आहेत आणि पाण्यातून चालणं झालंय, तर 72 तासांच्या आत डॉक्टरांकडे जा. प्रतिबंधाची गोळी द्यायची की नाही, कोणती आणि किती, ते ठरवतात. गरोदर बाई आणि लहान मूल असेल तर गोळी वेगळी असते. पोटऱ्या विलक्षण दुखणं, डोळे लाल होणं आणि लघवी कमी होणं, हे तापाबरोबर दिसलं तर थांबू नका.

पहिल्या दिवसापासून तापासाठी फक्त पॅरासिटामॉल. मोठ्या माणसाला 500 किंवा 650 ची गोळी, दोन गोळ्यांत सहा तासांचं अंतर. यकृताचा आजार असेल तर मात्रा डॉक्टरांनाच विचारा, आणि मुलाला वजनावरून. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक, ॲस्पिरिन यांपैकी काही आपल्या मनाने घ्यायचं नाही, कारण डेंग्यू असेल तर रक्तस्राव वाढतो. अंगदुखीची म्हणून मेडिकलवाला जी गोळी देतो, तिच्यात यातलं काय आहे ते पाकिटावर वाचा. हृदयासाठी ॲस्पिरिन चालू असेल तर मात्र स्वतःहून बंद करू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा.

आणि एक गोष्ट जवळजवळ कुणीच करत नाही. रुग्णाला पहिले पाच-सहा दिवस भर दिवसा मच्छरदाणीत झोपवा. एडिस दिवसा चावतो, सकाळी आणि दिवेलागणीच्या आधी जास्त. रुग्णाच्या रक्तात तेव्हा विषाणू भरपूर असतो. त्याला चावलेली मादी पुढे घरातल्याच दुसऱ्या कुणाला आजार देते. एकाच घरातले तीन रिपोर्ट माझ्या हातून एकाच आठवड्यात जातात ते असे.

हवेचं दुखणं आणि आजाराचं दुखणं

‘पावसाळ्यात माझे गुडघे दुखतातच,’ हे प्रत्येक घरातलं वाक्य आहे. हवेचा दाब, दमटपणा आणि सांधे यांचा संबंध तपासणाऱ्या अभ्यासांत एकमत नाही, पण पावसाळ्यात चालणं-फिरणं कमी होतं आणि आखडलेला सांधा दुखतो, हे तर उघड आहे. असं दुखणं जुन्याच जागी, जुन्याच पद्धतीने येतं. हालचाल केली, शेक दिला की सैल पडतं. त्याच्याबरोबर ताप नसतो.

आमच्या तळमजल्यावरचे काका हेच धरून बसले होते. दोन दिवस ताप येऊन गेला, तो त्यांनी भिजल्याचा ताप म्हणून सोडून दिला. मग मनगटं, घोटे आणि बोटांचे पेर दोन्ही बाजूंनी धरले. सकाळी चहाचा कप उचलेना. ‘संधिवात उसळला,’ म्हणून मलम चोळत बसले. मी विचारलं, आधी बोटं कधी दुखली होती का? कधीच नाही, गुडघेच. तिसऱ्या आठवड्यात चिकुनगुनियाची आयजीएम केली, ती पॉझिटिव्ह. नवे सांधे, दोन्ही बाजूंना सारखे, मागे ताप: हे तीन जुळले तर हवेला दोष देऊ नका. चिकुनगुनियाचं दुखणं महिनोन्‌महिने राहू शकतं, आणि त्याचा इलाज मलमापेक्षा वेगळा असतो. वेदनाशामक गोळी देण्याआधी डॉक्टर डेंग्यू नाही याची खात्री करतात, ती रक्तस्रावाच्या भीतीने.

डोकेदुखीचं तसंच. ज्यांना मायग्रेन आहे त्यांना ढगाळ, कोंदट हवेत किंवा उघडिपीच्या लख्ख उन्हात झटका येतो, आणि तो त्यांना ओळखीचा असतो: अर्धं डोकं, मळमळ, उजेड नको वाटणं, काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत ओसरणं. डेंग्यूत डोळ्यांच्या मागे ठणकतं, बुबुळ फिरवलं तरी दुखतं आणि अंगात ताप असतो. मायग्रेनला ताप नसतो. तेव्हा पावसाळ्यात नेहमीची मायग्रेनची गोळी घेण्याआधी थर्मामीटर लावायचा.

एक ताप, दिवसागणिक

आमच्या वरच्या मजल्यावरच्या वहिनी, वय चौतीस. सप्टेंबरात, गणपती विसर्जनानंतरच्या आठवड्यात मंगळवारी संध्याकाळी 102 ताप आला. अंग मोडून येत होतं, डोळ्यांमागे ठणका. त्यांनी कॅलेंडरवर लिहिलं, कारण मी त्यांच्या मागे लागलो होतो.

बुधवारी, दुसऱ्या दिवशी रक्त घेतलं. मलेरियाची स्लाइड निगेटिव्ह, एनएस1 पॉझिटिव्ह. सीबीसीत पांढऱ्या पेशी 3,900, प्लेटलेट 1,68,000 आणि पीसीव्ही 36. हा शेवटचा आकडा कुणी बघत नाही. पीसीव्ही म्हणजे रक्तात पेशींचा हिस्सा किती टक्के आहे ते. डेंग्यूत रक्तवाहिन्या झिरपायला लागतात, पाणी बाहेर जातं, रक्त दाट होतं आणि हा आकडा चढतो. म्हणून आजारपणाच्या सुरुवातीचा 36 लिहून ठेवणं महत्त्वाचं होतं. तोच पुढच्या तुलनेचा पाया.

घरीच राहायचं ठरलं. दिवसभरात ओआरएस, ताक, नारळपाणी, पेज, सगळं मिळून अडीच लिटरच्या आसपास. ओआरएसचं मोठं पाकीट एक लिटर पाण्यात पूर्ण घालायचं, अर्धं-अर्धं नाही. आणि लघवी मोजायची: चार ते सहा तासांत एकदा तरी झाली पाहिजे. शुक्रवारी, चौथ्या दिवशी प्लेटलेट 1,12,000, पीसीव्ही 37. ठीक.

शनिवारी सकाळी ताप उतरला. घरात सगळे खूश. सासूबाईंनी देवाला साखर ठेवली. मी मात्र दुपारी रक्त घ्यायला वर गेलो, कारण डेंग्यूत तापाचे दिवस त्रासाचे आणि ताप उतरल्यानंतरचे चोवीस ते अठ्ठेचाळीस तास धोक्याचे. साधारण चौथा ते सातवा दिवस. दार उघडलं तर वहिनी बसल्या जागी चुळबुळत होत्या, हात गार, पोटात सलग दुखत होतं, सकाळपासून तीनदा उलटी झाली होती आणि पहाटेपासून लघवी नव्हती. ‘अशक्तपणा आहे भाऊजी, ताप गेला ना,’ म्हणाल्या. अंगाला ताप नव्हता हे खरं होतं. प्लेटलेट 74,000 आणि पीसीव्ही 43.

छत्तीसवरून त्रेचाळीस म्हणजे जवळजवळ वीस टक्के वाढ. पण खरं सांगायचं तर आकड्याची वाट बघायचीच नव्हती. सलग पोटदुखी, थांबत नसलेली उलटी, हिरड्या किंवा नाकातून रक्त, काळी शी, बेचैनी किंवा गुंगी, गार हात-पाय, लघवी बंद: यातलं एक जरी दिसलं तरी रिपोर्ट हातात येण्याआधी रिक्षा बोलवायची. आम्ही तेच केलं, रिपोर्ट मी मागाहून व्हॉट्सॲपवर पाठवला.

रुग्णालयात त्यांना सलाइन लावलं आणि दर काही तासांनी नाडी, बीपी, लघवी आणि पीसीव्ही बघत राहिले. प्लेटलेट चढवल्या नाहीत. दीर प्लेटलेटच्या पिशव्यांसाठी रक्तपेढ्यांना फोन लावत फिरत होते. त्यांना डॉक्टरांनी शांतपणे सांगितलं की रक्तस्राव नसेल तर आकडा दहा हजारांच्या खाली जाईपर्यंत सहसा देत नाहीत. झिरपणाऱ्या पाण्यावर प्लेटलेट हा इलाज नाही. रविवारी प्लेटलेट 41,000 झाल्या, सगळ्यांचा जीव टांगणीला, पण पीसीव्ही 39 वर उतरला होता आणि लघवी मोकळी होत होती. म्हणजे गाडी वळणावर आली होती. सोमवारी 58,000, मंगळवारी 96,000. तळपायांना खाज सुटली आणि भूक लागली, ही बरं होण्याची चिन्हं. पपईच्या पानांचा रस घरून तीनदा आला. बरं होण्याच्या दिवसांत आकडे आपोआप चढतात, त्यामुळे श्रेय कुणालाही घेता येतं.

सलाइन मोजून देतात, हेही लक्षात ठेवा. बरं व्हायला लागल्यावर झिरपलेलं पाणी परत रक्तात येतं, आणि तेव्हा सलाइन चालूच राहिलं तर छातीत पाणी भरू शकतं. ‘अजून एक बाटली लावा ना’ असा हट्ट नातेवाइकांनी करू नये.

मलेरियाचं एक राहिलं. व्हायव्हॅक्स प्रकारात परजीवी यकृतात दडून राहतो. त्यासाठी प्रायमाक्विनच्या गोळ्या चौदा दिवस घ्यायच्या असतात, आणि त्याआधी जी6पीडी हे रक्तातलं एन्झाइम तपासून घेतात, कारण ते कमी असेल तर या गोळीने रक्तपेशी फुटतात. गरोदरपणात ही गोळी देत नाहीत. ताप तिसऱ्या दिवशी जातो, गोळ्या पाचव्या दिवशी कपाटात जातात, आणि दोन-तीन महिन्यांनी, पाऊस नसताना, तोच माणूस थंडी वाजत माझ्या खुर्चीत बसलेला असतो. डास तेव्हा निर्दोष असतो.

वहिनी घरी आल्या त्या रविवारी आम्ही चौघं टॉर्च घेऊन इमारतभर फिरलो. एडिस फार लांब उडत नाही, बहुधा दोन-चारशे मीटरच्या आतच फिरतो, म्हणून आधी आपलीच इमारत. बशा कोरड्या, पिंपं झाकलेली, टाकीचं झाकण ठीक. सापडलं ते त्यांच्याच बेडरूमच्या खिडकीखाली, पहिल्या मजल्याच्या छपरीवर. मे महिन्यात घातलेली निळी ताडपत्री मधोमध खचली होती, तिच्यात तांब्याभर पाणी आणि पाण्याच्या रेषेवर काळे ठिपके. टॉर्च मारला तशा पंचवीस-तीस अळ्या वळवळत खाली गेल्या. पाणी उपसून उन्हात सिमेंटवर ओतलं, घडी ब्रशने घासली आणि खचलेल्या जागी वीट सरकवून ताडपत्रीला उतार दिला.